आंबा खायचा कधी? : अर्धवट ऑर्डरला एकच नेमका प्रश्न कसा विचारावा

मार्चच्या अखेरीपासून फोन वाजायला लागतो आणि पावसाची पहिली सर येईपर्यंत थांबत नाही. रत्नागिरीजवळच्या पावस गावाच्या बाजूला आमची हापूसची बाग आहे आणि घरून थेट गिऱ्हाइकाला आंबा देण्याचं काम माझ्याकडे आहे. येणारे मेसेज साधारण असे असतात : "नमस्कार, दोन पेट्या हापूस हवे आहेत. चांगले पाठवा." बस, एवढंच. कधी, कसले, किती मोठे, कुणासाठी, यातलं काही नाही.

पहिली दोन वर्षं मी याला उत्तर म्हणून एक यादी पाठवायची. फळ केवढं हवं, पेटी किती डझनांची, कच्चा हवा की पिकलेला, रसाला की कापून खायला, घरासाठी की भेट द्यायला, घरपोच की स्टँडवर, पैसे कसे देणार. असे अकरा प्रश्न होते. मला वाटायचं, सगळं आधीच विचारून घेतलं की चूक होणार नाही. प्रत्यक्षात निम्मे लोक गप्प व्हायचे. बाकीचे लिहायचे, "मध्यम चालेल, बाकी तुम्हीच बघा." आणि काही जण सगळी उत्तरं द्यायचे, तरी पेटी चुकायची. ही तिसरी तऱ्हा सगळ्यात त्रासाची, कारण मी विचारलेलं असायचं, त्यांनी सांगितलेलं असायचं आणि तरी आंबा वाया जायचा.

त्यातली एक पेटी अजून मनातून जात नाही. एका काकूंनी "पिकलेला" यावर खूण केली होती. मी आढीतली, म्हणजे पेंढ्यात पिकायला घातलेली, तयार, पिवळी फळं निवडून भरली. रात्रभर ट्रकच्या हादऱ्यांत खालचा थर दबला, रस गवतात झिरपला, आणि काकूंनी फोटो पाठवला. नंतर बोलताना कळलं, की पाहुणे यायला अजून सहा दिवस होते. त्यांना आज पिकलेला आंबा नकोच होता. "कच्चा की पिकलेला" असं विचारल्यावर कुणीही पिकलेलाच म्हणणार, कारण आंबा म्हटला की डोळ्यांसमोर पिकलेलाच येतो. चूक माझ्या प्रश्नाची होती.

प्रश्न कुठे सापडला

तो पॅकिंगच्या शेडमध्ये सापडला. आमच्याकडे फळं निवडून पेट्या भरणारे एक काका आहेत, चाळीसेक हंगाम पाहिलेले. मी त्यांच्या हातात ऑर्डरचा कागद दिला की ते नाव वाचत नाहीत, गाव वाचत नाहीत. एवढंच विचारतात : "ही पेटी फुटायची कधी?" म्हणजे गिऱ्हाईक ती उघडून खायला कधी घेणार. तेवढं कळलं की त्यांचे हात चालू होतात. कोणत्या तोडीतली फळं घ्यायची, आढीतली की आजच उतरवलेली, गवत किती घालायचं, सगळं त्यातून ठरतं. माझ्या अकरा प्रश्नांतल्या दहांची उत्तरं त्यांना लागतच नव्हती.

ते दिवसावर एवढे का अडून बसतात, हे हापूसच्या चालीवरून समजतं. फळ झाडावर पुरतं पिकू देत नाहीत. चौदा आणे तयार झालं की उतरवतात : देठाजवळचे खांदे भरून वर आलेले, देठ थोडा खळग्यात बसलेला, गर्द हिरवा रंग फिका व्हायला लागलेला. पाण्यात टाकलं तर तयार फळ बुडतं, कोवळं तरंगतं. देठ ठेवून, झेल्याने अलगद उतरवलेलं असं फळ भाताच्या पेंढ्यात घातलं की एप्रिलमध्ये साधारण आठ ते दहा दिवसांत पिकतं. मे महिन्यातल्या उकाड्यात एक-दोन दिवस आधीच. पिकल्यावर ते फार थांबत नाही. म्हणजे प्रत्येक फळाला खाण्याचे तीन-चार चांगले दिवस असतात, आणि ते दिवस आणि गिऱ्हाइकाचे दिवस जुळवणं हेच आमचं काम.

पहिली पायरी : विचारता आलंच नाही तर काय पाठवाल?

मेसेज आला की लगेच प्रश्न लिहायला घेऊ नका. आधी मनाशी ठरवा, या माणसाला फोन लागलाच नाही आणि माल पाठवावाच लागला, तर मी काय पाठवेन? माझं उत्तर ठरलेलं आहे : मध्यम फळ, अडीचशे ग्रॅमच्या आसपासचं, दोन डझनांच्या खोक्यात, कडक, येत्या तोडीतलं. बहुतेक घरांना हे चालतं. हा तुमचा पाया. आता फक्त एवढंच बघायचं, की यातलं काय चुकलं तर खरं नुकसान होईल.

दुसरी पायरी : उत्तर बदललं तर हात बदलतो का?

जे जे माहीत नाही ते एका कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे दोन वेगळी उत्तरं कल्पून पाहा. घरासाठी की भेट द्यायला? दोन्हीला मी तेच स्वच्छ, बिनडागी फळ भरणार. हात बदलत नाही, प्रश्न काढून टाका. पैसे कसे देणार? त्याने आंबा बदलत नाही, ते नंतर बघता येतं. पत्ता तर द्यावाच लागतो, तो पक्कं झाल्यावर मागा. त्याला या कागदावर जागा नको.

काही गोष्टींनी हात बदलतो, पण चुकलं तरी फार बिघडत नाही. फळ जरा लहान गेलं तर गिऱ्हाईक पुढच्या वेळी सांगतं. काहींची उत्तरं तुमच्या वहीतच असतात. गेल्या वर्षी त्यांनी काय नेलं होतं ते पान उलटून बघा. जे आपल्याला माहीत असायला हवं ते पुन्हा विचारलं की जुनं गिऱ्हाईक दुखावतं, आणि त्यांचं दुखावणं रास्त असतं.

एवढं गाळल्यावर माझ्या कागदावर सहसा एकच गोष्ट उरते, ती म्हणजे दिवस. तो बदलला की तोड बदलते, आढी बदलते, भरणं बदलतं, आणि चुकला तर आंबा परत कच्चा करता येत नाही.

तिसरी पायरी : प्रश्न त्यांच्या घरातला करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. प्रश्न बरोबर सुचतो, पण शब्द आपल्या धंद्याचे राहतात. एकच गोष्ट मी तीन तऱ्हांनी विचारून पाहिली आहे.

"कच्चा पाठवू की पिकलेला?" याचं काय होतं ते वर सांगितलं. इथे मी माझा निर्णय गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालते. आंबा किती दिवसांत पिकतो हे मला ठाऊक आहे, त्यांना नाही, आणि ठरवायला मात्र त्यांना लावते.

"लगेच हवेत का?" यावर जवळजवळ सगळे "हो" म्हणतात. पैसे देऊन वस्तू घेणारा माणूस उशिरा द्या असं कशाला म्हणेल? ज्या प्रश्नाला सगळ्यांचं एकच उत्तर येतं, तो विचारून आपल्याला काहीच मिळत नाही. शिवाय या "हो"मुळे घाई सुरू होते, आणि घाईनेच बाजारात आंबा कार्बाइडने पिकवण्याचा प्रकार फोफावला. तसं पिकवायला कायद्याने बंदी आहे, तरी "उद्या पिकलेलाच हवा" ही मागणी संपत नाही.

"यातला पहिला आंबा तुम्हाला कोणत्या दिवशी खायचा आहे?" याचं उत्तर त्यांच्याकडे तयार असतं. त्यासाठी आंब्याची माहिती लागत नाही, घरचं कॅलेंडर लागतं. "हो-नाही"त उत्तर देता येत नाही, म्हणून माणूस थोडं बोलतो. अक्षय्य तृतीयेला नैवेद्याला, नातवंडं आल्यावर, शनिवारी जावई जेवायला येणार तेव्हा. तारखेबरोबर कारणही येतं, आणि त्या कारणात माझ्या यादीतल्या आणखी तीन-चार प्रश्नांची उत्तरं न विचारता येतात. नैवेद्याला हवा असेल तर फळ देखणं लागणार. नातवंडं येणार असतील तर आंबा पुष्कळ दिवस पुरायला हवा.

"पहिला आंबा" हे शब्द मी मुद्दाम ठेवले आहेत. "आंबे कधी खाणार?" असं विचारलं की लोक "मे महिन्यात" म्हणतात. पहिला म्हटलं की एकच तारीख सांगावी लागते.

चौथी पायरी : बाकीचं विचारू नका, सांगा

एकच प्रश्न विचारायचा म्हणजे उरलेलं अंधारात ठेवायचं नाही. मी जे धरून चालले आहे ते एका वाक्यात लिहून टाकते, आणि सोबत एकूण रक्कमही. हे करण्याला मोठं कारण आहे. "पेटी" या शब्दाचा अर्थ आमच्याकडे आणि शहरात वेगळा आहे. बागायतदाराची पेटी म्हणजे लाकडी, फळाच्या आकाराप्रमाणे चार ते सहा डझनांची. पुण्या-मुंबईच्या घरात एक किंवा दोन डझनांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यालाही पेटीच म्हणतात. "किती डझनांची पेटी?" असं विचारलं तर माणूस गोंधळतो. पण "दोन पेट्या म्हणजे दोन-दोन डझनांची दोन खोकी धरते आहे" असं लिहून पुढे रक्कम टाकली, की चुकलेलं असेल तर दोन मिनिटांत फोन येतो. रिकाम्या रकान्यात काय भरावं हे लोकांना सुचत नाही, पण चुकीचं लिहिलेलं चटकन डोळ्यांत भरतं.

एक ऑर्डर सुरुवातीपासून शेवटपर्यंत

२२ एप्रिलला पुण्याहून एका नव्या काकूंचा मेसेज आला : "दोन पेट्या हापूस हवे. चांगले पाठवा." मी लिहिलं :

"नमस्कार काकू. दोन-दोन डझनांची दोन खोकी धरते, मध्यम फळ, घरपोच. एकूण रक्कम खाली दिली आहे. यात काही वेगळं हवं असेल तर सांगा. एकच विचारायचं होतं : यातला पहिला आंबा तुम्हाला कोणत्या दिवशी खायचा आहे? त्या हिशेबाने उतरवते. तुमचं उत्तर येईपर्यंत शुक्रवारच्या तोडीत तुमची फळं बाजूला ठेवते."

संध्याकाळी उत्तर आलं. मुलगी ३ मेला बाहेरगावाहून येणार होती आणि १२ला परत जाणार होती, तोपर्यंत तिला रोज आंबा मिळावा अशी काकूंची इच्छा होती. मी फक्त पहिला दिवस विचारला होता, त्यांनी शेवटचाही सांगितला. आता नुसतं कडक फळ पाठवून चाललं नसतं, कारण अठ्ठेचाळीस आंबे एकदम पिकले असते आणि ८ तारखेनंतर मुलीला सुरकुतलेली फळं खावी लागली असती.

मग उलटा हिशेब मांडला. पहिलं खोकं ३ मेला तयार हवं, म्हणून नऊ दिवस मागे जाऊन २४ एप्रिलच्या तोडीतली फळं घेतली आणि आमच्याच आढीत घातली. दुसरं खोकं ८ मेच्या सुमारास हवं, म्हणून त्याची फळं २९ला उतरवली. दोन्ही खोकी ३० एप्रिलला एकाच गाडीने गेली, म्हणजे वाहतूक एकदाच लागली. पहिल्या खोक्यातली फळं तेव्हा देठाकडे रंग धरायला लागलेली पण हाताला अजून घट्ट होती, त्यामुळे रात्रीचा प्रवास सोसवला. खोक्यांवर काकांनी खडूने "३ मे" आणि "८ मे" लिहिलं. सोबत एक चिठ्ठी होती : ८ मेचं खोकं फ्रिजमध्ये ठेवू नका, गवतातच राहू द्या, एक दिवसाआड फळं वरखाली करा. कच्चा हापूस फ्रिजच्या थंडीत नीट पिकत नाही, साल काळवंडते आणि चव उतरते. पुरता पिकल्यावर मात्र एक-दोन दिवस फ्रिजमध्ये चालतो.

पुण्यात त्या आठवड्यात ऊन वाढलं आणि दुसरं खोकं ८ ऐवजी ७लाच वास सोडायला लागलं. एका-दोन दिवसांचा असा फरक कितीही हिशेब केला तरी राहतो, आणि तो मी आता आधीच सांगते.

प्रश्न एकच असला तरी नेहमी तोच नसतो

हे नीट लक्षात घ्या, नाहीतर "कधी खायचा?" हाही एक छापील फॉर्म होऊन बसेल. एकदा लग्नाची ऑर्डर आली : "१४ तारखेच्या लग्नाला दोनशे पानांना पुरतील एवढे आंबे." दिवस तर मेसेजमध्येच होता. पुन्हा तीच चाळणी लावली. किती लागणार हे पानांवरून मला काढता येतं, कुठे पाठवायचे ते नंतर कळणार. हात कशाने बदलणार? आंबा ताटात फोड म्हणून दिसणार की रसात जाणार, याने. फोडींना मोठं, देखणं, जेमतेम पिकलेलं फळ लागतं. रसाला लहान फळ चालतं, सालीवर डाग असला तरी चालतो, पूर्ण मऊ असावं लागतं, आणि खर्च बराच कमी होतो. म्हणून मी विचारलं, "आंबा ताटात दिसणार आहे की रसात जाणार?" उत्तर "रसात" आलं आणि लग्नघराचे पैसे वाचले.

दुसऱ्या एकांनी लिहिलं, "मुलाला परदेशात आंबे पाठवायचेत." तिथे दिवस, आकार, पेटी सगळंच गौण. "कोणत्या देशात?" एवढंच आधी विचारायचं, कारण ताज्या फळांचे नियम देशादेशाला वेगळे. अमेरिकेने २००७ साली भारतीय आंब्याला दार उघडलं, तेही विकिरण केलेल्या आंब्यालाच. घरून कुरिअरने खोकं पाठवण्याचा तो विषय नाही. उत्तर "अमेरिका" आलं तर पुढचं काही विचारण्यात दोघांचा वेळ घालवू नये, तसं स्पष्ट सांगावं.

कुठे घसरतं

एका वाक्यात तीन प्रश्न भरणं ही माझी जुनी खोड. "कधी, किती आणि कुठे पाठवू?" हा दिसायला एक प्रश्न, पण माणूस शेवटच्याचंच उत्तर देतो. "पुण्याला," एवढंच येतं आणि तारीख राहून जाते. लिहून झाल्यावर स्वतःचा मेसेज वाचा आणि दोन उत्तरं मागणारं काही असेल तर एक खोडा.

"तुम्हाला नक्की काय हवंय?" हेही टाळा. ते ऐकायला आपुलकीचं वाटतं, पण समोरच्याला ते नीट सांगता आलं असतं तर पहिल्याच मेसेजमध्ये सांगितलं असतं.

प्रश्न चुकला हे कसं ओळखायचं, तर उत्तरावरून. "चालेल", "तुम्ही ठरवा", "बघा काय ते" असं उत्तर आलं, की प्रश्न त्यांच्या कक्षेतला नव्हता असं समजा. तोच पुन्हा विचारू नका, तो त्यांच्या घरातल्या एखाद्या प्रसंगाला जोडून विचारा. आणि उत्तर लगेच, तारखेसकट, एखाद्या जास्तीच्या वाक्यासह आलं, तर तो प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

उत्तर आलंच नाही तर? मी फक्त परत फिरवता येईल तेवढंच करते. फळं बाजूला ठेवणं परत फिरवता येतं, ती दुसऱ्या कुणाला देता येतात. गाडीत चढवलेली पेटी परत आणता येत नाही. म्हणून ठेवते, पाठवत नाही, आणि दुसऱ्या दिवशी फोन करते. चाळीस-पन्नास पेट्यांची ऑर्डर असेल तर मेसेजवर एक प्रश्न विचारून काम भागवू नका, सरळ फोनवर बोला. तिथे चूक एका खोक्याची नसते.

पुण्याच्या त्या काकूंच्या पानावर मी आता लिहून ठेवलं आहे : "मुलगी मेच्या सुरुवातीला येते. दोन खोकी, पाच दिवसांच्या अंतराने. ऊन असेल तर दुसऱ्याची तोड एक दिवस पुढे." पुढच्या एप्रिलमध्ये त्यांचा मेसेज आला की तारीखही मीच लिहीन आणि एवढंच विचारीन, "मुलगी यंदाही ३ लाच येणार ना?"